गाव बदललं, मुलाखत अर्ध्यावर आहे

"सर, मी आता नागपूरला शिफ्ट झाले आहे. पुढचे राउंड ऑनलाइन घेता येतील का? प्लीज कळवा."

एका बुधवारी सकाळी माझ्या फोनवर आलेला हा निरोप. पुण्याजवळ चाकण भागातल्या सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यासाठी मी तेव्हा भरतीचं काम बघत होतो. जागा गुणवत्ता विभागातल्या इंजिनिअरची होती. या मुलीची लेखी परीक्षा आणि पहिली तांत्रिक मुलाखत पुण्यात समोरासमोर झाली होती आणि दोन्ही चांगल्या झाल्या होत्या. कारखान्यात प्रत्यक्ष काम दाखवायची फेरी, विभागप्रमुखांची मुलाखत आणि आमच्या विभागाशी पगाराचं व नियमांचं बोलणं एवढं अजून बाकी होतं. मूळ कागदपत्रांची पडताळणी आणि वैद्यकीय तपासणी त्यानंतर व्हायची होती.

निरोपात चूक काहीच नव्हती. तो नम्र होता, वेळेवर आला होता आणि खराही होता. तरीही तो तसाच विभागप्रमुखांकडे पाठवला असता, तर त्यांचं उत्तर मला आधीच माहीत होतं : "नागपूरला गेली म्हणजे ही काही येत नाही. पुढचा उमेदवार बोलवा."

अर्ज करणारे नेमकं इथेच फसतात. त्यांना वाटतं, आपण फक्त फेऱ्यांची सोय मागतो आहोत. वाचणारा मात्र निरोपात दुसरंच शोधत असतो. हा माणूस निवडला गेला तर रुजू व्हायला येणार का, केव्हा येणार आणि राहणार कुठे? गाव बदलल्याची बातमी कळली की पहिला प्रश्न हाच उभा राहतो. त्याचं उत्तर निरोपात नसेल तर वाचणारा ते स्वतःच ठरवून टाकतो आणि बहुतेक वेळा उमेदवाराच्या विरुद्ध ठरवतो.

मी तिला फोन केला. वडिलांची बायपास झाली होती आणि घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ती पुण्याची खोली सोडून गेली होती. भाऊ जूनअखेर परत येणार होता, त्यानंतर ती मोकळी होती. नोकरी तिला पुण्यातच हवी होती. आम्हाला हवी असलेली एकूणएक गोष्ट तिच्याकडे होती. तिने ती लिहिली नव्हती, एवढंच. घरचं रडगाणं कशाला सांगायचं, असं तिला वाटलं होतं. तिचा संकोच मला कळला. पण आजाराचा तपशील कोणी मागत नाही, तारीख मागतात. "घरच्या कारणाने जूनअखेरपर्यंत नागपूरला आहे, १ जुलैपासून पुण्यात रुजू होऊ शकते" एवढं एक वाक्य पुरे असतं.

आता फेऱ्यांकडे वळू. सगळंच ऑनलाइन मागितलं की नकार येतो, कारण फेरी फेरीत फरक असतो. आमच्याकडच्या कारखान्यातल्या फेरीत उमेदवाराच्या हातात एक यंत्रभाग आणि त्याचं ड्रॉइंग द्यायचे. बाजूच्या टेबलावर व्हर्निअर, मायक्रोमीटर, बोअर गेज मांडलेलं असायचं. भागातलं एखादं माप मुद्दाम मर्यादेबाहेरचं निवडलेलं असे. ते सापडतं का, हे तर बघायचेच. पण अनुभवी परीक्षकाचं लक्ष त्याआधीच्या काही सेकंदांवर असे. मायक्रोमीटर उचलल्यावर उमेदवार आधी त्याची टोकं पुसून शून्य तपासतो का? भाग एकाच जागी मापतो की फिरवून दोनतीन जागी? हे व्हिडिओवर दिसत नाही, कारण समोरच्याच्या घरी ना तो भाग असतो ना ती साधनं. तेव्हा ही फेरी ऑनलाइन मागणं म्हणजे नकार ओढवून घेणं. मूळ गुणपत्रिकांची पडताळणी बऱ्याच ठिकाणी समोरच होते आणि वैद्यकीय तपासणीही कंपनीने ठरवलेल्या दवाखान्यात.

विभागप्रमुखांचं बोलणं मात्र तासाभराचं. आधीच्या कामात काय केलं, ग्राहकाची तक्रार आली तेव्हा कारण कसं शोधलं, असे प्रश्न. ते व्हिडिओवर चालतं. पगार आणि नियमांचं बोलणं तर फोनवरही होतं.

मग उरलं सगळं एकाच दिवशी घ्या, असं का म्हणू नये? म्हणावं, पण त्यातली अडचण ओळखून. मुलाखतीच्या फेऱ्या चाळणीसारख्या असतात. एकीतून पार झाला तरच पुढची ठरते. एकाच दिवशी तिन्ही ठेवायच्या म्हणजे विभागप्रमुखांनी दुपारचा एक तास अशा उमेदवारासाठी राखून ठेवायचा, जो कदाचित सकाळीच गळेल. ते नाखूश असतात ते यामुळे. यावर दोन उपाय आहेत. एक तर उमेदवाराने आपणहून लिहावं की सकाळच्या फेरीत नकार असेल तर पुढचं रद्द केलं तरी चालेल. दुसरा उपाय मला जास्त पसंत आहे : क्रम उलटा करावा. विभागप्रमुखांचं बोलणं आधी व्हिडिओवर उरकावं. त्यात जमलं तरच कारखान्यातली फेरी आणि कागदपत्रं अशी एकच खेप करावी. म्हणजे प्रवास करायची वेळ येते तेव्हा अर्धी वाट पार झालेली असते, आणि कंपनीचाही कुणाचा तास वाया जात नाही.

त्या मुलीने दुपारी दुसरा निरोप पाठवला, या वेळी ईमेलने. अशा मेल एरवी इंग्रजीत जातात. तिचा आशय मराठीत असा होता :

"विषय : गुणवत्ता इंजिनिअर पदाची मुलाखत, उरलेल्या फेऱ्यांबाबत विनंती.

या पदासाठी माझी लेखी परीक्षा आणि पहिली तांत्रिक मुलाखत झाली आहे. घरच्या कारणाने मी जूनअखेरपर्यंत नागपूरला आहे. निवड झाल्यास १ जुलैपासून पुण्यात राहून रुजू होऊ शकेन.

विभागप्रमुखांची मुलाखत आधी व्हिडिओवर घेता येईल का? या आठवड्यात गुरुवारी किंवा शुक्रवारी दुपारी ३ नंतर मी मोकळी आहे. त्यानंतर कारखान्यातली फेरी आणि कागदपत्रांची पडताळणी एकाच दिवशी ठेवल्यास पुढच्या शुक्रवारी मी स्वतः येईन. हे शक्य नसल्यास सर्व फेऱ्या त्याच शुक्रवारी ठेवाव्यात. सकाळच्या फेरीनंतर पुढच्या रद्द झाल्या तरी माझी हरकत नाही.

तिकिटासाठी शुक्रवारची तारीख मंगळवारी संध्याकाळपर्यंत कळल्यास बरं होईल. कागदपत्रांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत."

ही मेल मी एक शब्दही न बदलता पुढे पाठवली. असा निरोप लिहिताना हे ध्यानात ठेवावं की तो पहिल्या वाचणाऱ्यापाशी थांबत नाही. भरती बघणारा तो पुढे ढकलतो आणि विभागप्रमुख दोन बैठकांच्या मध्ये मोबाइलवर वाचतो. त्याला उमेदवाराचं नाव आठवत नसतं. म्हणून पद कोणतं आणि आतापर्यंत काय झालं हे पहिल्याच ओळीत हवं. पर्याय दोनच द्यावेत आणि आपल्याला कोणता आवडेल तो आधी लिहावा. "आपल्या सोयीनुसार कधीही" हे ऐकायला सौजन्याचं वाटतं, पण त्यामुळे तारीख शोधायचं काम समोरच्यावर पडतं आणि मग ते राहूनच जातं.

मंगळवार संध्याकाळ कुठून आली, तेही सांगतो. नागपूर ते पुणे रस्त्याने सातशे किलोमीटरच्या वर, म्हणजे अख्ख्या रात्रीचा प्रवास. शुक्रवारी सकाळी पोचायचं तर गुरुवारी संध्याकाळी निघायला हवं. आठवडाभर आधी साधं आरक्षण बहुतेक वेळा मिळत नाही, उरतं ते तत्काळ. ते गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी उघडतं, वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी १० वाजता आणि बाकीच्यांसाठी ११ वाजता. म्हणजे बुधवारी सकाळी १० ला तिला खिडकी गाठायची होती, आणि त्यासाठी तारीख मंगळवारी पक्की हवी होती. शिवाय पक्कं झालेलं तत्काळ तिकीट स्वतःहून रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत. बुधवारी दुपारी "मुलाखत पुढे ढकलली" असा फोन आला की ते पैसे गेलेच. प्रवासखर्च मिळेल का, हे विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. मात्र ते फेऱ्यांची विनंती मान्य झाल्यावर, वेगळ्या ओळीत विचारावं.

काही उमेदवार गाव बदलल्याचं सांगतच नाहीत. पुण्यातच आहोत असं भासवून एकेक फेरी रजा काढून गाठतात किंवा ऐनवेळी ताप आल्याचं सांगून व्हिडिओ मागतात. हे सहसा उघडकीस येतं. कधी पत्त्याच्या पडताळणीत, कधी पाठीमागच्या घोषणेवरून, कधी रुजू व्हायच्या तारखेवर अडून. मग गाव बदलण्याचं काही वाटत नाही, लपवण्याचं वाटतं. गाव सोडायचं नक्की झालं की लगेच, पुढच्या फेरीची तारीख ठरण्याआधी कळवावं. तारीख ठरल्यावर तीन माणसांच्या वेळा हलवाव्या लागतात. मध्ये नोकरी मिळवून देणारा सल्लागार असेल तर निरोप आधी त्याच्याकडे जावा. त्याला वगळलं की तो दुखावतो, आणि कंपनी तारखा त्याच्याशीच ठरवत असते.

उत्तर कसं येतं, त्यावरूनही बरंच कळतं. "बघतो, कळवतो" एवढंच आलं आणि तारीख नसली, तर बहुधा विभागप्रमुखांना अजून विचारलेलंच नाही. कामाचे दोन दिवस थांबून एक फोन करावा. "प्रत्यक्षच यावं लागेल" असं आलं तर वाद न घालता विचारावं, एकूण किती खेपा आणि कोणत्या तारखांना. तीन खेपा म्हणजे प्रवासात सहा रात्री. ते झेपणार आहे का, हे घरी बसून ठरवता येतं. सरकारी भरतीत मात्र एवढीही लवचीकता नसते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेची मुलाखत दिल्लीलाच द्यावी लागते, उमेदवार कुठलाही असो.

तिची व्हिडिओ मुलाखत शुक्रवारी दुपारी ३ ला झाली. विभागप्रमुखांनी सुरुवातीलाच ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितलं, कारण दुसऱ्याच माणसाला बसवल्याचे प्रकार त्यांनी पाहिले होते. मध्ये एकदा घरची वीज गेली. तिने फोनचं इंटरनेट आधीच जोडून ठेवलं होतं, त्यामुळे मिनिटभरात ती परत आली. पुढच्या शुक्रवारी सकाळी ती कारखान्याच्या फाटकावर हजर होती, पाठीवर एकच सॅक. मायक्रोमीटर उचलल्यावर तिने आधी टोकं पुसली. संध्याकाळच्या गाडीने ती परत गेली आणि १ जुलैला रुजू झाली.

भरतीचं काम करणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. बाहेरगावच्या उमेदवाराला मुलाखतीची तारीख द्याल, तेव्हा त्याची तत्काळची खिडकी किती वाजता उघडते ते बघा आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी त्याला हो किंवा नाही कळवा. दोन ओळींचं काम आहे, पण त्यावर कुणाचे तरी हजारभर रुपये आणि एक जागरण अवलंबून असतं.