माधवनगर दूर, बंगळूर जवळ

सांगलीच्या विश्रामबागेत उभं राहून मोबाइलवरून रिक्षा मागवली, की ॲपला एकच प्रश्न सोडवायचा असतो: आत्ता जवळ कोण आहे? अडचण अशी, की ‘जवळ’ म्हणजे काय ते सर्व्हरला कळत नाही. त्याच्याकडे प्रत्येक रिक्षाचे फक्त दोन आकडे असतात, अक्षांश आणि रेखांश. दोन ठिकाणांमधलं अंतर त्यावरून काढता येतं, पण समजा कंपनीकडे एक लाख गाड्या आहेत आणि सेकंदाला हजार गिऱ्हाइकं विचारतायत. मग दर सेकंदाला दहा कोटी अंतरं मोजावी लागतील, आणि त्यातली जवळपास सगळी फुकट जातील. विश्रामबागेतल्या माणसासाठी नागपूरच्या रिक्षाचं अंतर मोजण्यात काय अर्थ?

डेटाबेसला शोध लवकर लागतो तो इंडेक्समुळे, आणि साधा इंडेक्स म्हणजे क्रमाने लावलेली यादी. यादी एका वेळी एकाच क्रमाने लागते. अक्षांशाने लावली तर विश्रामबागेच्या वर-खाली एकेक किलोमीटरचा पट्टा झटकन मिळतो; पण तो पट्टा पूर्वेला सरळ पसरत जातो आणि त्यात शंभरावर किलोमीटर लांबचं विजयपूरही येतं. रेखांशाने लावली तर हाच घोळ उत्तर-दक्षिण होतो. म्हणून दोन आकड्यांचा एकच आकडा करायचा, आणि तो असा, की शेजारची ठिकाणं यादीतही शेजारी यावीत. यासाठीची सर्वांत लोकप्रिय युक्ती म्हणजे जिओहॅश. गुस्ताव्हो निएमायर यांनी ती २००८ मध्ये मांडली.

सांगलीच्या उत्तर भागातलं एक ठिकाण घेऊ: अक्षांश १६.८७४, रेखांश ७४.६०. आता एकामागून एक ‘इकडे की तिकडे’ असे प्रश्न विचारायचे, एकदा रेखांशाचा, एकदा अक्षांशाचा. ठिकाण शून्य रेखांशाच्या पूर्वेला आहे का? आहे, म्हणून १. विषुववृत्ताच्या उत्तरेला? आहे, १. पूर्वेकडच्या अर्ध्या भागाचा मध्य ९० अंशांवर आहे, त्याच्या पूर्वेला? नाही, ०. उत्तरेकडच्या भागाचा मध्य ४५ अंशांवर, त्याच्या वर? नाही, ०. शून्य ते नव्वदचा मध्य ४५, त्याच्या पूर्वेला? हो, १. पाच उत्तरं मिळून ११००१, म्हणजे नेहमीच्या मोजणीत २५. जिओहॅशच्या ३२ चिन्हांच्या यादीत (दहा अंक आणि a, i, l, o वगळून उरलेली इंग्रजी अक्षरं) शून्यापासून मोजलं तर २५व्या जागी t आहे. सांगलीचं पहिलं अक्षर t. भारताचा बहुतेक भूभागही याच t मध्ये बसतो. ९० अंशांच्या पुढचा भाग तेवढा सुटतो.

पुढच्या पाच प्रश्नांतून दुसरं अक्षर मिळतं, त्यापुढच्या पाचांतून तिसरं. प्रत्येक अक्षरागणिक खण बारीक होत जातो. पाच अक्षरांचा खण आपल्याकडे साधारण पावणेपाच किलोमीटर लांब-रुंद भरतो, सहा अक्षरांचा पूर्व-पश्चिम सुमारे १.२ किलोमीटर आणि उत्तर-दक्षिण ०.६ किलोमीटर. पिनकोडचे पहिले आकडे मोठा प्रदेश सांगतात आणि शेवटचे टपाल कार्यालय, तसंच हे. आपल्या ठिकाणाचा सहा अक्षरी जिओहॅश येतो tdvpcx. पाच अक्षरी खणातली सगळी दुकानं हवी असतील, तर एवढं पुरतं:

```
SELECT id FROM shops WHERE geohash LIKE 'tdvpc%';
```

सगळं फार छान वाटतं. आणि सांगलीइतकं याचं बिंग फोडणारं गाव महाराष्ट्रात दुसरं शोधून सापडणार नाही. वरच्या मालिकेतला दहावा प्रश्न असा येतो: ठिकाण १६.८७५ अक्षांशाच्या उत्तरेला की दक्षिणेला? ही रेघ शहराच्या मध्यापासून जेमतेम अडीच किलोमीटरवर, माधवनगरच्या बाजूने जाते. आपलं ठिकाण रेघेच्या किंचित खाली आहे. आता तिथून सरळ उत्तरेला सव्वादोनशे मीटर चालत जा, म्हणजे अक्षांश १६.८७६ होईल, रेखांश तोच. तिथला जिओहॅश आहे tej018. चालायला तीन मिनिटं, आणि पहिलं t सोडलं तर एकही अक्षर जुळत नाही. उलट सव्वापाचशे किलोमीटरहून लांब असलेल्या बंगळूरची सुरुवात td ने होते, म्हणजे आपल्या ठिकाणाशी त्याची दोन अक्षरं जुळतात. अक्षरांवर विश्वास ठेवला, तर सांगलीला बंगळूर जवळ आणि माधवनगरकडची पुढची गल्ली दूर.

म्हणजे एकाच खणात असलेली ठिकाणं जवळ असतात हे खरं, पण जवळची ठिकाणं एकाच खणात असतील याची हमी नाही. ही चूक चाचणीत सहसा सापडत नाही, कारण चाचणी करणारा बहुधा खणाच्या मध्यात कुठेतरी बसलेला असतो. ती उघडकीला येते तक्रारींतून. ‘समोर रिक्षा उभी आहे आणि ॲप म्हणतं एकही नाही’ अशा तक्रारी नकाशावर मांडल्या आणि त्या सरळ रेघेत पडल्या, तर दुसरं कारण शोधायची गरज नाही.

उपाय सोपा आहे. आपला खण आणि त्याभोवतीचे आठ, असे नऊ खण शोधायचे. शेजारचे खण अक्षरं मागे-पुढे करून मात्र काढायचे नाहीत. अक्षांश-रेखांश एका खणाएवढा सरकवून जिओहॅश नव्याने काढायचा. रेघेपलीकडचा tej018 असाच हाती लागतो. पण नऊ खणांनाही मर्यादा आहे. गिऱ्हाईक आपल्या खणाच्या कडेला उभं असेल, तर त्या बाजूला फक्त एक खण शिल्लक राहतो. सहा अक्षरांचे खण घेतले, तर उत्तर-दक्षिण दिशेला ०.६ किलोमीटरपलीकडची हमी नाही. दोन किलोमीटरच्या आतलं सगळं हवं असेल, तर पाच अक्षरांवर यावं लागतं, आणि तिथे नऊ खणांचं क्षेत्रफळ होतं सुमारे २०० चौरस किलोमीटर. दोन किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ साडेबारा चौरस किलोमीटरचं. दुकानं सारखी पसरलेली धरली, तर हाती आलेल्या सोळांतली पंधरा अंतर मोजून फेकून द्यायची. एक अक्षर कमी केलं की खण ३२ पट मोठा होतो, मधली पायरीच नाही. जाणकार म्हणूनच अक्षरांऐवजी थेट शून्य-एकच्या पातळीवर काम करतात. रेडिस या डेटाबेसमध्ये जागा शोधण्याची सोय आहे, ती आतून ५२ बिटांचा जिओहॅशच वापरते.

खरी गोची वेगळीच आहे. खणाचा आकार आपण आधी ठरवतो, आणि माणसं तो विचारून वस्ती करत नाहीत. दादरच्या पाच अक्षरी खणात हजारो दुकानं निघतील, गडचिरोलीच्या जंगलातल्या खणात एकही नाही. इथे क्वाडट्री कामाला येते. राफेल फिंकेल आणि जॉन बेंटली यांनी १९७४ मध्ये ती मांडली. त्यांच्या मूळ झाडात चौकोन प्रत्यक्ष एखाद्या बिंदूपाशी फाटायचा. आज जास्त वापरात आहे ते बरोबर मध्यावर चार तुकडे करणारं रूप. नियम एकच: एका चौकोनात ठरावीक संख्येपेक्षा, समजा १०० पेक्षा, जास्त दुकानं झाली, की त्याचे चार करायचे. त्यातल्या एकात पुन्हा १०० च्या वर गेली, तर त्याचे आणखी चार. दादरला झाड खोल जातं, गडचिरोलीला दोन-चार पायऱ्यांत थांबतं. प्रत्येक पानात शंभराच्या आतच दुकानं, मग पान गल्लीएवढं असो की तालुक्याएवढं.

शोधणंही हुशारीने होतं. जवळची पाच दुकानं हवीत, तर ज्या पानात आपण आहोत तिथून सुरुवात करायची आणि सापडलेल्यांतलं पाचवं किती दूर आहे ते लक्षात ठेवायचं. समजा ते ४०० मीटरवर आहे. मग ज्या चौकोनाची आपल्याकडची कडच ४०० मीटरपेक्षा लांब आहे, तो उघडायचाच नाही, कारण आत काहीही असलं तरी उपयोग नाही. सगळ्या बाजूंनी असं झालं, की शोध संपला. किती किलोमीटरच्या आत शोधायचं हे आधी ठरवावं लागत नाही.

वाचकाच्या लक्षात आलं असेल, की जिओहॅशमध्येही आपण नकाशा मध्यावरच कापत होतो. एक प्रश्न रेखांशाचा आणि एक अक्षांशाचा, म्हणजे दोन उत्तरांत चारांपैकी एक तुकडा. कापणं दोघांचं एकच. जिओहॅश म्हणजे सगळीकडे सारख्याच खोलीवर थांबवलेली क्वाडट्री, जिच्यात पानाकडे जाणारी वाटच पानाचं नाव होते. खोली कोण ठरवतं, आपण की गर्दी, एवढाच फरक.

माझं मत विचाराल तर दुकानांसाठी क्वाडट्री आणि धावत्या रिक्षांसाठी जिओहॅश. दुकान रोज जागा बदलत नाही. झाड एकदा सर्व्हरच्या मेमरीत उभं केलं की पुरतं. सर्व्हर बंद पडून चालू झाला, तर ते पुन्हा उभारावं लागतं आणि तोवर तो सर्व्हर उत्तर देऊ शकत नाही, एवढं सोसायला हवं. रिक्षा मात्र दर चार-पाच सेकंदांनी नवी जागा कळवते. सीमेवरच्या एका चौकोनात रिक्षा ९९ वरून १०१ आणि पुन्हा ९९ होत राहिल्या, तर झाड फाटत आणि जुळत बसेल. त्यासाठी फाटण्याची मर्यादा १०० ठेवली, तर जुळण्याची पन्नासच्या आसपास ठेवतात. तरीही हजारो गाड्या एकाच वेळी झाड हलवत असताना त्यातच शोधही चालू ठेवायचा म्हणजे कुलपं लावणं आलं, थांबणं आलं. जिओहॅशमध्ये गाडी हलली तर एका नोंदीतली सहा अक्षरं बदलतात, तीही कधीतरीच. ताशी ३० किलोमीटरने जाणारी रिक्षा चार सेकंदांत ३३ मीटर सरकते, १.२ किलोमीटरचा खण पूर्व-पश्चिम ओलांडायला तिला पस्तीसेक वेळा जागा कळवावी लागते, आणि तेवढ्यात खण एकदाच बदलतो.

दुकानांच्या क्वाडट्रीतही एक खड्डा आहे. चार मजली मॉलमधल्या दीडशे दुकानांनी नोंदणी करताना इमारतीच्या दाराचाच अक्षांश-रेखांश दिला, तर तो चौकोन कितीही वेळा कापला तरी सगळी दुकानं एकाच तुकड्यात राहतात. ‘शंभराच्या वर की काप’ हा नियम तिथे कधीच पुरा होत नाही, झाड खाली खाली जात राहतं आणि शेवटी मेमरी संपते. म्हणून वीस-पंचवीस पायऱ्यांनंतर कापणं बंद, असा दुसरा नियम लागतोच.

शिवाय दोन्ही पद्धती मोजतात ते हवाई अंतर. सांगलीवाडी आणि सांगली यांच्यामध्ये कृष्णा आहे, आणि ती या कुठल्याच खणाला दिसत नाही. पलीकडच्या तीरावरची रिक्षा यादीत सगळ्यांत वर येईल, पण तिला आयर्विन पुलाला वळसा घालून यायचं असतं. म्हणून इंडेक्सकडून आलेली नावं हा फक्त पहिला चाळा. प्रत्यक्ष रस्त्याने लागणारा वेळ त्यानंतर काढला जातो, आणि तो हिशेब महाग असल्यामुळे फक्त त्या मोजक्या नावांसाठीच. नदीकाठच्या गावात पाच रिक्षा दाखवायच्या असतील, तर इंडेक्सकडे निदान वीस मागाव्यात.