गधेगळ वाचताना : एका दगडावरच्या दोन तारखा

ठाणे जिल्ह्यात, कल्याण-भिवंडीच्या आसपासच्या गावांत, देवळाशेजारी किंवा शेताच्या बांधावर कधी कधी एक उभा दगड दिसतो. वर सूर्य-चंद्र, मध्ये अक्षरे आणि खाली गाढव व स्त्री यांचे चित्र. मुलांनी विचारले की आपण नजर चुकवतो. या दगडाला गधेगळ म्हणतात. तो खरे तर दानाचा कागद आहे, फक्त दगडावर लिहिलेला.

तो वरून खाली वाचावा. सूर्य-चंद्र म्हणजे मुदत : ते आकाशात आहेत तोवर हे दान चालावे. मधला मजकूर म्हणजे करार : कोणाच्या राज्यात, कोणी, काय दिले. खालचे चित्र म्हणजे शिक्षा. जो हे दान मोडेल, त्याच्या घरातल्या स्त्रीची अशी विटंबना होईल, हा शाप. ज्याला अक्षर येत नव्हते, त्यालाही तो कळावा म्हणून चित्र. मुलांना एवढेच सांगावे की ही जुनी, कडक धमकी आहे.

मजकुरात आधी तारीख शोधावी. ‘स्वस्ति श्री’ या शब्दांच्या पुढे ती बहुधा सापडते. अलिबागजवळच्या नागावचा गधेगळ यासाठी पाहण्याजोगा आहे. त्यात ठाणे-कोकणावर राज्य करणाऱ्या हंबीररावाचे नाव आहे आणि तारखा दोन आहेत : आधी ‘हिजरत ७६९’, मग ‘सकु संवतु १२८९’.

शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो : १२८९ अधिक ७८ म्हणजे १३६७. हिजरीत मात्र नुसते ६२२ मिळवून चालत नाही. तसे केले तर १३९१ येते, म्हणजे चोवीस वर्षांची चूक. चांद्रवर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असते, त्यामुळे तेहतीस हिजरी वर्षांत बत्तीसच सौरवर्षे होतात. म्हणून ७६९ ला ३३ ने भागावे, साधारण २३ येतात. ते वजा केले की ७४६ उरतात. त्यात ६२२ मिळवले की १३६८. हिजरी ७६९ हे साल १३६७ च्या ऑगस्टअखेरीस सुरू होऊन पुढच्या वर्षी संपले. दोन्ही तारखा जुळल्या. जुळल्या नसत्या, तर एखादा आकडा आपण चुकीचा वाचला असे समजायचे. झिजलेल्या दगडावर असे सहज होते.

अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ किंवा चुना चोळू नये. दगड खराब होतो. सकाळचे किंवा संध्याकाळचे तिरपे ऊन पुरते. तेही नसेल तर मोबाइलची बॅटरी बाजूने धरावी. खोदलेल्या रेघेत सावली पडते आणि अक्षर दिसू लागते.

हंबीररावाच्या लेखात हिजरी साल आधी येते आणि शाप मात्र खास इथला. एकाच दगडावर, एकाच दानासाठी, दोन्ही कालगणना चालत होत्या. पुढच्या वेळी असा दगड दिसला, तर नजर न चुकवता आधी तारीख शोधू या.