चाळीस ग्रॅम माफ, पण कुणाला आणि कशावर?

आपल्या वसई-विरारमध्ये बऱ्याच घरांतली लेकसून, मुलगा नाहीतर जावई आखातात कामाला आहे. लग्नसराई आली की तिकडून सोनं येतं. गटाच्या बैठकीत आम्ही विचारलं, "किती सोनं आणता येतं?" सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "बाईला चाळीस ग्रॅम माफ!" उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं माहीत नसलं तर मुंबई विमानतळावर घाम फुटतो.

ही माफी एक वर्षापेक्षा जास्त काळ परदेशात राहून येणाऱ्यांना आहे. बाईला 40 ग्रॅम, पुरुषाला 20 ग्रॅम. महिनाभर दुबईला लेकीकडे जाऊन आलेल्या आईला ती मिळत नाही. आणि ही माफी फक्त दागिन्यांवर आहे. नाणं किंवा बिस्कीट एक ग्रॅमचं असलं तरी त्यात बसत नाही.

पूर्वी वजनाबरोबर किमतीचीही अट होती. 2016 च्या नियमांत बाईला एक लाख आणि पुरुषाला पन्नास हजार रुपयांपर्यंतचेच दागिने माफ होते. सोनं महागलं तशी चाळीस ग्रॅमची माफी दहा-बारा ग्रॅमवरच संपायची. फेब्रुवारी 2026 मध्ये नवे नियम आले आणि किमतीची अट गेली. आता वजनच पाहतात.

चाळीसच्या वर असलं तर? सोनं आणायला बंदी नाही, पण कर भरावा लागतो. सहा महिने तरी परदेशात राहून आलेल्या भारतीयाला एक किलोपर्यंत सवलतीचा दर मिळतो. जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात हा दर 15 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आणला. दर बदलत असतात, म्हणून निघण्याआधी चालू दर पाहून घ्यावा. खडे किंवा मोती जडवलेल्या दागिन्यांना ही सवलत नाही. सहा महिन्यांच्या आत परतणाऱ्यालाही नाही. त्याला कितीतरी जड कर लागतो.

आता हिशेब करून पाहू. समजा, नालासोपाऱ्याची एक नर्स कुवेतमध्ये दोन वर्षं काम करून परत येते आहे. धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी तिने 65 ग्रॅमचे साधे, बिनखड्याचे दागिने घेतले. त्यातले 40 ग्रॅम माफ, उरले 25. सोपं जावं म्हणून ग्रॅमला दहा हजार रुपये भाव धरू. पंचवीस ग्रॅमचे अडीच लाख झाले. सहा टक्के दर धरला तर कर पंधरा हजार. तिने तेच 65 ग्रॅम बिस्किटाच्या रूपात आणले असते, तर सगळ्यावर कर लागून एकोणचाळीस हजार भरावे लागले असते. वजन तेच, पण चोवीस हजारांचा फरक पडला.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. सोन्याची किंमत दुकानाच्या बिलावरून नाही, तर सरकार दर पंधरवड्याला ठरवतं त्या भावाने धरतात. तरी बिल जवळ हवंच, कारण वजन आणि शुद्धता त्यावरून दाखवता येते. दुसरं म्हणजे, सवलतीचा हा कर परदेशी चलनात भरायचा असतो. सगळे दिनार तिकडेच बदलून रुपये घेऊन आलं की अडचण होते. कराएवढे पैसे तिकडच्या चलनात राखून ठेवा.

विमानतळावर सामान घेतलं की दोन वाटा दिसतात, हिरवी आणि लाल. माफीपेक्षा जास्त सोनं असेल तर लाल वाटेने जायचं आणि आपणहून सांगायचं. हिरव्या वाटेने निघालात, म्हणजे "माझ्याकडे कर लागणारं काही नाही" असं तुम्ही सांगितल्यासारखंच होतं. मग पकडलं तर सोनं जप्त होतं, आणि सोडवायला करावर दंडही भरावा लागतो. लाल वाटेला फक्त कर लागतो. त्याची पावती घ्या आणि जपून ठेवा.

परदेशी जाणाऱ्या लेकीसुनांनाही एक सांगणं आहे. मंगळसूत्र, पाटल्या असे अंगावरचे भारी दागिने घालून जाणार असाल, तर जातानाच विमानतळावर कस्टमकडून त्यांचं निर्यात प्रमाणपत्र करून घ्या. त्यासाठी तासभर आधी पोचा. परतताना "हे तिकडे घेतलं का?" असा प्रश्न आला तर तो कागद दाखवला की झालं.

शेवटचं, आणि आम्हाला सगळ्यात काळजी वाटते ते. तिकडे विमानतळावर ओळखीचं माणूस म्हणतं, "ताई, एवढी पुडी न्या, बाहेर आमचा माणूस घेईल." नाही म्हणा. सामान ज्याच्या हातात, उत्तर त्यानेच द्यायचं असतं. पुडी देणारा तिथे नसतो आणि घेणाराही पुढे येत नाही. कागदावर नाव तुमचंच लागतं.