कांद्याची हिशोबपट्टी

सोलापूरच्या बाजार समितीत कांदा विकला गेला की अडत्याच्या गाळ्यावरून शेतकऱ्याच्या हाती एक कागद येतो. त्याला हिशोबपट्टी किंवा नुसतेच पट्टी म्हणतात. किती माल आला, कोणत्या भावाने गेला, त्यातून काय कापले आणि हाती किती पडणार, हे सारे त्यावर असते. बहुतेकांची नजर थेट शेवटच्या आकड्यावर जाते. पट्टी मात्र वरून खाली वाचावी लागते, कारण खालचा प्रत्येक आकडा वरच्या आकड्यावर उभा असतो. सगळ्यात वर असते ते वजन.

पट्टी हा एकट्याने येणारा कागद नाही. माल आवारात शिरताना प्रवेशद्वारावर आवक पावती मिळते आणि तिच्यावर गोण्यांची संख्या असते. वजन झाले की तोलाईदाराची काटापट्टी तयार होते. हिशोबपट्टीवरच्या गोण्या आवक पावतीशी आणि वजन काटापट्टीशी जुळले पाहिजे. काटापट्टी मागितली नाही तर ती गाळ्यावरच राहते, आणि मग हिशोबपट्टीतले वजन ताडून पाहायला शेतकऱ्याजवळ काहीच उरत नाही.

चाळीस गोण्यांचा एक हिशोब घेऊ. आकडे उदाहरणापुरते आहेत. भाव रोज बदलतो आणि दर बाजारागणिक वेगळे असतात. काट्यावर गोण्यांसकट 2,084 किलो वजन भरले. माल जाळीच्या प्लॅस्टिक गोण्यांत आहे आणि रिकामी गोणी साधारण 100 ग्रॅमची धरली, तर बारदानाचे 4 किलो वजा जाऊन निव्वळ वजन 2,080 किलो राहते.

वजनाचा पहिला घोळ इथेच होतो. माल तागाच्या गोणीत येत असे तेव्हा बारदानासाठी गोणीमागे अर्धा-एक किलो वजा करण्याची सवय पडली. 50 किलोची तागाची गोणी खरोखरच 600 ग्रॅमच्या आसपास भरते, त्यामुळे तेव्हाही एक किलो जास्तच होता. जाळीच्या गोणीला तर त्याचा काही आधारच नाही. तरी गोणीमागे एक किलो कापला, तर 40 गोण्यांचे 40 किलो जातात, म्हणजे हक्काच्या वजावटीपेक्षा 36 किलो जास्त. वरच्या मालाच्या सरासरी भावाने हे सुमारे 458 रुपये होतात. याच पट्टीत हमाली 240 रुपये आहे. हमालीवरून वाद घालणारे पुष्कळ असतात. हे 458 रुपये कोणाच्या ध्यानात येत नाहीत, कारण ते कपातीच्या रकान्यात दिसतच नाहीत, वजनातच विरून जातात. नमुना, घट, सूट, कडता अशा नावांनी वजनातून होणारी प्रत्येक वजावट याच जातीची असते. बारदानाबद्दल शंका असेल तर पाच-दहा रिकाम्या गोण्या एकत्र काट्यावर टाकून पाहता येतात.

काटा कोणता आहे, हेही बघावे लागते. पाळ्यावर ठेवलेला इलेक्ट्रॉनिक काटा ग्रॅमांत वजन दाखवतो, तर वाहनासकट वजन करणारा भुईकाटा साधारण 5 किंवा 10 किलोच्या टप्प्याने सरकतो. ट्रॅक्टरभर मालाला हा फरक नगण्य आहे; पाच-सात गोण्यांना तो जाणवण्याइतका मोठा ठरतो. इलेक्ट्रॉनिक काट्याची तपासणी वैधमापन शास्त्र विभागाकडून दरवर्षी करून घ्यावी लागते आणि तिचे प्रमाणपत्र काट्याजवळ लावलेले असावे लागते. गोणी ठेवण्यापूर्वी काट्यावर शून्य दिसते की नाही, हे पाहायला क्षणभरही लागत नाही.

वजनानंतर प्रतवारी. कांद्यात ती टक्क्यांनी मोजत नाहीत, लॉट पाडून करतात. मोठा, गोल, पत्तीदार माल एक नंबर. लहान ती गोल्टी. जोडकांदा, चिरलेला, कोंब फुटलेला, सडका असा माल बदल्यात जातो. उदाहरणातील 24 गोण्या एक नंबरच्या ठरल्या. त्यांचे वजन 1,250 किलो आणि भाव क्विंटलला 1,600, म्हणजे 20,000 रुपये. 12 गोण्या गोल्टीचे 624 किलो 900 रुपयांनी गेले, त्याचे 5,616 झाले. उरलेल्या 4 गोण्या बदला, 206 किलो, 400 रुपयांनी, त्याचे 824. एकूण रक्कम 26,440 आणि सरासरी भाव क्विंटलला सुमारे 1,271 रुपये. गावात जाऊन ‘सोळाशेने गेला’ असे सांगितले जाते ते एक नंबरचे.

पट्टीत लॉटवार तीन ओळी असल्या तर हे सारे पडताळता येते. 40 गोण्या, 2,080 किलो आणि एकच सरासरी भाव एवढेच लिहिले असेल, तर किती माल गोल्टीत ढकलला ते कळायला मार्ग राहत नाही. लिलावात एक भाव पुकारला गेला आणि माल ओतल्यावर ‘आतला माल हलका निघाला’ म्हणून तो कमी केला, असेही होते. वरच्या थरात निवडक कांदा आणि खाली बारीक, ही शेतकऱ्याची चलाखीही बाजाराला नवी नाही. म्हणून खरेदीदाराची तक्रार दरवेळी खोटी नसते. पण तिचा निकाल माल समोर असताना, बाजार समितीच्या कर्मचाऱ्यापुढे लागायला हवा. तसे झाले की पट्टीवर सुधारलेला भाव येतो. भाव तसाच ठेवून दोन किलो वजन कमी लिहिणे ही तडजोड नव्हे. त्याने दोन्ही नोंदी खोट्या होतात.

सोयाबीनसारख्या धान्यात हाच प्रश्न ओलाव्याच्या रूपाने येतो. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला 12 टक्के ओलाव्याची मर्यादा ठरलेली आहे. समजा माल 16 टक्के ओला निघाला. 100 किलोत कोरडा ऐवज 84 किलो असतो आणि तो 12 टक्क्यांवर वाळवला तर साडेपंच्याण्णव किलोच्या जवळपास भरतो. म्हणजे क्विंटलला सुमारे साडेचार किलोची घट खरी आहे. त्याहून बरीच जास्त कपात मागितली जात असेल, तर ती ओलाव्याची नाही. ओलावामापकाचा आकडा शेतकऱ्याने स्वतः पाहिलेला असला तरच हा हिशोब करता येतो.

आता अडत. 2016 च्या जुलैपासून महाराष्ट्रात फळे व भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची, असे ठरले आहे आणि कांदा-बटाटाही त्यात येतो. त्याआधी ती शेतकऱ्याच्या पट्टीतून सरळ कापली जाई. शेकडा 6 दराने वरच्या मालावर 1,586 रुपये गेले असते. आज कांद्याच्या पट्टीवर ‘अडत’ किंवा ‘कमिशन’ असा रकाना भरलेला दिसला तर ती नियमबाह्य कपात आहे. रकाना रिकामा आहे म्हणून मात्र निश्चिंत होता येत नाही. ‘इतर खर्च’ किंवा ‘किरकोळ’ अशा नावाखाली गोळा रक्कम असेल तर ती कशाची, हे लिहून मागावे. बाजार समितीची बाजार फी, जिला सेस म्हणतात, तीही खरेदीदारानेच भरायची असते. तिचाही शेतकऱ्याच्या पट्टीशी संबंध नाही.

शेतकऱ्याच्या अंगावर राहतात हमाली, तोलाई आणि मोटारभाडे. हमाली-तोलाईचे दर हमाल, व्यापारी आणि बाजार समिती यांच्यातल्या बोलणीतून ठरतात आणि आवारात ते पाहायला मिळतात. उदाहरणात गोणीला 6 रुपये हमाली धरून 240, 2 रुपये तोलाई धरून 80 आणि भाडे 45 रुपये धरून 1,800 झाले. एकूण कपात 2,120, हाती 24,320. अडत्याने आधी उचल दिली असेल तर तीही इथेच वजा होते. तिची तारीख व रक्कम वेगळ्या ओळीत असावी.

हे तिन्ही खर्च गोणीवर मोजले जातात, किमतीवर नाही. भाव उतरला तरी ते उतरत नाहीत. 2023 च्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याचा 512 किलो कांदा सोलापुरात किलोला 1 रुपयाने गेला. 512 रुपयांतून भाडे, हमाली व तोलाईचे 509 रुपये 51 पैसे वजा झाले आणि उरलेल्या 2 रुपये 49 पैशांपोटी 2 रुपयांचा धनादेश मिळाला. ती पट्टी देशभर गाजली. बेरीज-वजाबाकीत ती चूक नव्हती. भावच इतका खाली होता की ठरलेल्या खर्चाने तो गिळला.

त्या धनादेशावर तारीख पुढची होती, आणि ती गोष्ट दोन रुपयांइतकीच बोलकी होती. बाजार समितीच्या नियमानुसार विकलेल्या मालाचा चुकारा 24 तासांत व्हायला हवा. पट्टीवर विक्रीची तारीख असते आणि धनादेशावर त्याची स्वतःची. या दोन तारखांमधले दिवस म्हणजे शेतकऱ्याने दिलेली बिनव्याजी उधारी. रोख हवी असेल तर शेकडा दोन कापून देण्याची रीतही काही ठिकाणी आहे. 24,320 वर ते 486 रुपये होतात. पंधरा दिवस थांबण्याऐवजी दोन टक्के सोडणे म्हणजे वर्षाला शेकडा 48 च्या दराने व्याज भरणे, तेही स्वतःच्याच पैशावर.

पैसे वेळेत आले नाहीत तर तक्रार बाजार समितीच्या सचिवाकडे लेखी करावी आणि सोबत आवक पावती, काटापट्टी व हिशोबपट्टीच्या प्रती जोडाव्यात. पट्टीवर अडत्याचे नाव, परवाना क्रमांक आणि सही असेल तरच समितीला त्याला जाब विचारता येतो. कोऱ्या चिठोऱ्यावर पेन्सिलीने केलेला हिशोब तिथे उभा राहत नाही. समितीने दाद दिली नाही तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे जाता येते. धनादेश तारखेपासून तीन महिन्यांतच बँकेत भरावा लागतो. तो न वटल्यास बँकेने तसे कळवल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. ती मुदत हुकली की धनादेशाच्या कायद्याखालचा फौजदारी दावा अवघड होतो. आवाराबाहेर, बांधावर विकलेल्या कांद्याला यातली बाजार समितीची वाट उपलब्ध नसते, कारण 2016 पासून फळे-भाजीपाल्याचा आवाराबाहेरचा व्यवहार समितीच्या नियंत्रणातून वगळला आहे. तिथे शेतकऱ्याजवळ खरेदीदाराची सही असलेला कागद, बँकेतली नोंद आणि दिवाणी दावा एवढेच राहते.