हिरवी घासणी कुठे चालते, कुठे नाही

बहुतेक घरांत सिंकच्या कडेला एक हिरवी घासणी पडलेली असते आणि चहाच्या गाळणीपासून डोशाच्या तव्यापर्यंत सगळं तिनेच घासलं जातं. ती दिसायला साध्या जाळीदार कापडासारखी असली, तरी तिच्या धाग्यांवर बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण चिकटवलेले असतात. हे खनिज म्हणजे कुरुंद. माणिक आणि नीलम ही त्याचीच रूपं. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोस यांच्या मापावर हिरा 10 वर आहे आणि कुरुंद 9 वर. स्टील या दोघांच्या बरंच खाली येतं, आणि नॉनस्टिक तव्यावरचा थर तर नखापेक्षा फारसा कठीण नसतो.

भांडी कशी टिकवावीत, याचं निम्मं उत्तर इथेच आहे. घासणी खरकट्यापेक्षा कठीण हवी, पण भांड्याच्या पृष्ठभागापेक्षा मऊ. हा पृष्ठभाग प्रत्येक भांड्यात वेगळ्या गोष्टीचा बनलेला असतो, म्हणून एकच घासणी सगळीकडे चालत नाही.

नॉनस्टिकचा थर पीटीएफई नावाच्या प्लास्टिकचा असतो. रॉय प्लंकेट या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाला 1938 मध्ये तो अपघाताने सापडला आणि 1950च्या दशकात फ्रान्समध्ये तो प्रथम तव्यांवर चढला. त्याला जवळजवळ काहीच चिकटत नाही, पण तो फार पातळ असतो आणि मऊही. हिरव्या घासणीचे ओरखडे सुरुवातीला नुसते धुरकट दिसतात. पुढे त्याच ओरखड्यांत पीठ अडकून करपतं, मग तो डाग काढायला आणखी जोर लावला जातो आणि थर आणखी उतरतो. एकाच जागी डोसा वारंवार चिकटू लागला किंवा खालची चंदेरी धातू डोकावू लागली, की तो तवा बाजूला ठेवावा. एखादी खपली चुकून पोटात गेलीच, तर ती शरीरात न विरघळता बाहेर पडते. त्यासाठी घाबरून जायला नको.

खरा धोका उष्णतेचा आहे. साधारण 260 अंश सेल्सियसच्या वर हा थर खराब होऊ लागतो आणि 350च्या पुढे त्यातून विषारी वायू निघतात. पाळीव पक्षी या वायूंनी मरू शकतात, कारण त्यांची फुप्फुसं फार नाजूक असतात. रिकामा तवा मोठ्या आचेवर ठेवला, तर काही मिनिटांतच तो या पातळीला पोचतो. म्हणून नॉनस्टिक नेहमी मध्यम आचेवर वापरावं. तापलेल्या तव्यावर थंड पाण्याची धार सोडू नये. धातू एकदम आकसते, तवा वाकतो आणि थर सुटू लागतो. तवा कोमट होऊ द्यावा, कोमट पाणी आणि द्रव साबण घ्यावा आणि स्पंजने किंवा वाळवलेल्या घोसाळ्याच्या जाळीने पुसल्यासारखा धुवावा.

बिडाच्या तव्याची गोष्ट अगदी वेगळी. त्यावरचा काळा, तुकतुकीत थर कारखान्यातून येत नाही, तो घरात तयार होतो. तेलाचा पातळ हात देऊन तवा तापवला, की तेलाचे रेणू एकमेकांत गुंतून लोखंडाला घट्ट धरून बसतात. घावन किंवा डोसा अलगद सुटतो तो या थरामुळे. त्याचे दोन शत्रू आहेत, आंबट आणि पाणी. चिंच, कोकम किंवा टोमॅटोचं कालवण बिडाच्या कढईत तासभर उकळलं, तर थर विरतो आणि कालवणाला लोखंडाची चव येते. तवा रात्रभर पाण्यात राहिला, तर सकाळी गंज दिसतो.

बिडाला साबण लावूच नये, असं अनेक घरांत सांगितलं जातं. सौम्य द्रव साबणाने मात्र पक्का झालेला थर निघत नाही. जपायचं ते भांडी घासायच्या वडीपासून, कारण तिच्यात बहुधा धुण्याचा सोडा आणि घासणारी खनिज पूड असते. एखादा कण चिकटलाच, तर चमचाभर खडे मीठ आणि थोडं तेल टाकून नारळाच्या काथ्याने घासावं. मीठ करपलेलं खरवडतं आणि नंतर पाण्यात विरघळून जातं. धुतल्यावर तवा आचेवर दोन मिनिटं ठेवून पूर्ण वाळवावा आणि तेलाचं बोट फिरवावं.

गंजलेला बिडाचा तवा फेकायची गरज नसते. तारेची घासणी वापरायची जागा हीच. सगळा गंज घासून काढावा, तवा धुऊन आचेवर वाळवावा आणि शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल आतबाहेर चोळावं. मग कोरड्या फडक्याने ते इतकं पुसावं, की तेल लावलंच नाही असं वाटावं. खिडकी उघडी ठेवून, धूर यायचा थांबेपर्यंत तवा तापवावा आणि थंड होऊ द्यावा. असं तीन-चार वेळा केलं, की थर परत धरतो. तवा चिकचिकीत झाला, तर तेल जास्त झालं असं समजावं. पुसून पुन्हा तापवावा.

स्टील या तिघांत सर्वांत सोशिक. त्यातल्या क्रोमियमचा हवेशी संयोग होऊन एक अदृश्य थर बनतो आणि ओरखडा पडला तरी तो आपोआप भरून येतो. ओरखड्याने स्टील निकामी होत नाही, पण त्याची चकाकी जाते आणि अन्न जास्त चिकटतं. साध्या लोखंडी तारेच्या घासणीचे तुकडे भांड्यावर राहिले, तर ते गंजतात आणि भांडंच गंजल्यासारखं दिसतं.

दूध करपलेलं स्टीलचं पातेलं घ्या. बहुतेक जण लगेच घासायला बसतात, पण हे काम आधी सोड्याने करायचं. करपलेला भाग बुडेल इतकं पाणी आणि दोन चमचे खाण्याचा सोडा घालून दहा मिनिटं उकळावं. करपलेली साय आणि प्रथिनं सोड्याने मऊ पडतात आणि लाकडी उलथन्याने पापुद्र्यासारखी सुटतात. पाणी कोमट झालं, की उरलेलं काथ्याने निघतं. मागे पांढुरके डाग दिसले, तर ते पाण्यातल्या क्षारांचे असतात. लिंबाची फोड किंवा व्हिनेगर फिरवून धुतलं की जातात. हा उपाय ॲल्युमिनियमच्या भांड्यावर करू नये, सोड्याने ते काळं पडतं. बिडावरही नको, कारण तिथे तेलाचाच थर निघून येईल.

मिठाचं एक पथ्य स्टीललाही आहे. गार पाण्यात टाकलेलं मीठ तळाशी बसून राहतं आणि तिथे बारीक खड्डे पाडू शकतं. ते पाण्याला उकळी आल्यावर घालावं आणि ढवळावं.

घासणी विकत घेताना रंगावर विसंबू नका. निळ्या घासण्या बहुधा नॉनस्टिकसाठी असतात, पण प्रत्येक कंपनी तसं करतेच असं नाही, म्हणून वेष्टन वाचा. शंका असेल, तर प्लास्टिकच्या जुन्या, चकचकीत झाकणावर ती ओली करून घासून बघा. झाकणावर ओरखडे उठले, तर ती घासणी नॉनस्टिकला लावायची नाही. सिंकजवळ तीन खिळे ठोका: एकावर नॉनस्टिकसाठी मऊ स्पंज, दुसऱ्यावर स्टील आणि बिडासाठी काथ्या, तिसऱ्यावर गंजासाठी तार. भांडी घासायला येणाऱ्या मावशींनाही कुठली घासणी कशासाठी ते एकदा दाखवून द्या. हिरवी घासणी ओटा आणि सिंक घासायला राहू द्या.