ए६२० की बी६५०? मधल्या बजेटच्या प्रोसेसरसाठी बोर्ड निवडताना

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातले ‘म्हणजे’ आणि ‘अ‍ॅक्च्युअली’ थोडे कापलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

प्रश्न अंबरनाथच्या आनंदनगरमधून आलाय. पाठवणारा दिवसा एमआयडीसीत कामाला आहे आणि शनिवार-रविवार लग्नांचे व्हिडिओ एडिट करून देतो. प्रोसेसर त्याने पक्का केलाय, रायझन ५ ७६००. दुकानदाराने दोन कोटेशन दिलीत: एकात ए६२० बोर्ड, दुसऱ्यात बी६५०, आणि फरक साडेतीन हजारांचा. त्याचं म्हणणं असं, ‘दादा, हे साडेतीन हजार म्हणजे माझं एका छोट्या फंक्शनचं एडिटिंग आहे. त्यात मला नक्की काय मिळणार? आणि पीसी पाच वर्षं चालवायचाय.’

आधी एक गैरसमज काढून टाकू. चिपसेट बदलला की पीसी फास्ट होतो असं नाही. पूर्वी रॅमचा कंट्रोलर मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असायचा, आता तो प्रोसेसरमध्येच असतो. ग्राफिक्स कार्डाच्या १६ लेन आणि पहिल्या एम.२ स्लॉटच्या ४ लेनसुद्धा थेट प्रोसेसरमधून येतात. लेन म्हणजे डेटा जायची पट्टी समजा. त्यामुळे ७६०० दोन्ही बोर्डांवर जवळपास सारखाच रेंडर करेल आणि गेममध्येही फरक जाणवणार नाही. ए६२० वर सीपीयू ओव्हरक्लॉक करता येत नाही हे खरं, पण रॅमचं एक्स्पो प्रोफाइल चालतं. ७६०० ला हाताने ओव्हरक्लॉक करून फार काही हाती लागत नाही, त्यामुळे मी तरी त्यासाठी पैसे देणार नाही.

मग चिपसेट करतो काय? तो जंक्शन आहे, आपल्या कल्याणसारखा. साटा ड्राइव्ह, बरेचसे यूएसबी पोर्ट, लॅन, वायफाय, जादाचे एम.२ स्लॉट हे सगळं त्याच्यात येऊन मिळतं आणि तिथून एकाच मार्गाने प्रोसेसरपर्यंत जातं. बी६५० मध्ये या जंक्शनपासून पुढे पीसीआयई ४.० च्या ८ लेन मिळतात. ए६२० मध्ये त्या ३.० च्या असतात, म्हणजे प्रत्येक लेनचा वेग निम्मा. शिवाय चिपसेट स्वस्त म्हणून कंपनी बोर्डही काटकसरीने बनवते: एकच एम.२, रॅमचे दोनच स्लॉट, पॉवरच्या भागावर हीटसिंक नाही. ही काटकसर बोर्डाची असते, चिपसेटची नाही, हे लक्षात ठेवा. चार रॅम स्लॉटवाले ए६२० बोर्डही मिळतात.

आता आपल्या मित्राचं काम घेऊ. ४के फुटेज साधारण १०० मेगाबिट प्रति सेकंदाने रेकॉर्ड होतं, म्हणजे तासाला ४५ जीबी. दोन कॅमेरे, सहा-सहा तास, तर एका लग्नाचे ५४० जीबी. त्याच्या कोटेशनमध्ये ५०० जीबीचा एकच एनव्हीएमई ड्राइव्ह आहे. म्हणजे विंडोज टाकायच्या आधीच जागा संपली!

पण एडिटिंगसाठी वेग किती लागतो? दोन कॅमेऱ्यांचं फुटेज एकत्र वाचलं तरी सेकंदाला २५ एमबी. साधी साटा एसएसडी ५०० च्या वर देते. म्हणजे दुसरा ड्राइव्ह जेन ३ की जेन ४, याने त्याला काडीचा फरक पडत नाही. फरक पडतो तो ड्राइव्ह लावायला जागा किती आहेत याने. त्याच्या ए६२० वर एम.२ एकच आहे. बी६५० वर दोन आहेत, आणि पुढे कॅप्चर कार्ड लावायचं तर एक जादा स्लॉटही आहे. साडेतीन हजारांचा हिशोब इथे आहे.

प्रोसेसर अपग्रेडच्या बाबतीत मात्र लोक उगाच घाबरवतात. ७६०० ला एएमडीने ६५ वॉट टीडीपी दिलाय, प्रत्यक्षात तो सॉकेटमधून ८८ वॉटपर्यंत घेतो. १२ कोरचा रायझन ९ ७९०० बघा, त्याचेही आकडे तेच, ६५ आणि ८८. म्हणजे कोर दुप्पट झाले तरी बोर्डावरचा भार वाढत नाही. उद्या सेकंडहँड ७९०० मिळाला तर कंपनीच्या सपोर्ट लिस्टमध्ये नाव बघा, असेल तर ए६२० वरही लावता येतो. ७८००एक्स३डी किंवा नावात नुसता एक्स असलेला मोठा प्रोसेसर लावायचा असेल तर गोष्ट वेगळी. त्यांची सॉकेटमधून घ्यायची कमाल मर्यादा १६२ वॉट किंवा त्याहून जास्त आहे, आणि मे महिन्यात अंबरनाथ-बदलापूरला पारा चाळिशीपार असताना, एसी नसलेल्या खोलीत, हीटसिंक नसलेला बोर्ड तापणारच. ओळखायचं कसं? लांब रेंडर चालू असताना प्रोसेसरचं तापमान ठीक दिसतं, पण दहा-पंधरा मिनिटांनी क्लॉक अचानक खाली येतो. तेव्हा दोष प्रोसेसरच्या फॅनचा नसतो, बोर्डाच्या पॉवर सर्किटचा असतो.

रॅमचं पण सांगतो, कारण ‘चार स्लॉट म्हणजे अपग्रेडला जागा’ हे डीडीआर५ मध्ये अर्धंच खरं आहे. ७६०० वर दोन पट्ट्या असतील तर एएमडीचा अधिकृत वेग ५२००. चार लावल्या की तोच ३६०० वर येतो. नशीब चांगलं असेल तर जास्त चालतो, पण भरवसा नाही. त्यामुळे आत्ताच १६-१६ च्या दोन पट्ट्या घ्या. दुकानदार ‘एक १६ ची टाका, नंतर वाढवू’ म्हणेल. तसं केलं तर तोवर रॅम एकाच चॅनलवर चालेल.

अजून एक. बोर्डाच्या नावातला आकडा मोठा म्हणून बोर्ड मोठा असं समजू नका. २०२५ मध्ये बी८४० आला. नावावरून वाटतं बी६५० च्या पुढचा, पण त्याच्यात सीपीयू ओव्हरक्लॉक नाही आणि चिपसेटच्या लेन ३.० च्याच. म्हणजे आतून तो ए६२० च्या जवळचा आहे. कुणी ‘नवीन मॉडेल आहे’ म्हणून बी६५० च्या भावात गळ्यात मारत असेल तर सरळ नाही म्हणा.

तर मित्रा, तुझ्या कामाला बी६५० घे. आणि जो ऐकणारा फक्त ऑफिसचं काम आणि गेम करणार आहे, त्याने ए६२० घेऊन ते साडेतीन हजार ग्राफिक्स कार्डात टाकावेत.

घेण्यापूर्वी त्या बोर्डाचं मॅन्युअल कंपनीच्या साइटवरून उतरवून घे. त्यात एम.२ च्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की अमुक स्लॉट वापरला तर तमुक साटा पोर्ट किंवा स्लॉट बंद होतो. मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण आहे का तेही बघ. पुढे ९००० सीरिजचा प्रोसेसर आणलास आणि बायोस जुनं असलं, तर पीसी चालूच होणार नाही. हे बटण असलं की पेनड्राइव्हवरून, जुना प्रोसेसर न लावताही, बायोस अपडेट करता येतं. सध्याचं व्हर्जन विंडोजच्या पॉवरशेलमध्ये असं दिसतं:

```
Get-CimInstance Win32_BaseBoard | Select Manufacturer, Product
Get-CimInstance Win32_BIOS | Select SMBIOSBIOSVersion
```

हे व्हर्जन सपोर्ट लिस्टमध्ये नव्या प्रोसेसरसमोर लिहिलेल्या व्हर्जनशी ताडून बघायचं. आणि पहिल्यांदा पीसी चालू केल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळी राहिली तर बटण दाबून बंद करू नकोस. एएम५ बोर्ड तेव्हा रॅमचं ट्रेनिंग करत असतो. पाच-दहा मिनिटं थांब, चहा घे, आणि मगच दुकानदाराला फोन लाव.