दुरुस्तीचा खर्च कोणाच्या माथी?

एका कारखान्याकडे 200 शाफ्टची ऑर्डर आहे. प्रत्येकी 500 रुपयांप्रमाणे जॉबचा खर्च 1,00,000 रुपये. तपासणीत 10 शाफ्टचा व्यास जास्त भरला. ते पुन्हा ग्राइंड करायला प्रत्येकी 120, म्हणजे एकूण 1,200 रुपये लागले.

ग्राहकाने मागितलेल्या अतिकाटेकोर मापामुळे हा दोष आला असेल, तर खर्च त्याच जॉबवर टाकावा. मग शाफ्ट 506 रुपयांना पडतो. असे दोष सगळ्याच जॉबमध्ये नेहमी येत असतील, तर हा खर्च कारखान्याच्या ओव्हरहेडमध्ये जातो आणि शाफ्टची किंमत 500 रुपयेच राहते.

ओव्हरहेडच्या दरात दुरुस्तीची तरतूद आधीच असेल आणि तोच खर्च जॉबवरही टाकला, तर तो दोनदा मोजला जातो.